जॉयस्टिक दुसऱ्या बोटाकडे पळते? डिस्प्ले बदलण्याआधी एवढं वाचा

मोबाइलवरच्या गेममध्ये डाव्या अंगठ्याने पळायचं, उजव्याने फायर करायचं. पण फायर दाबलं की खेळाडू भलतीकडेच धावत सुटतो, नाहीतर फायर होतच नाही. ही तक्रार घेऊन सांगली-मिरजेतून बरीच मुलं आमच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात येतात, आणि आल्या आल्या म्हणतात, "टच गेलाय, फोल्डर बदला." फोल्डर म्हणजे डिस्प्ले आणि टच मिळून एकच भाग. तो आम्ही लगेच बदलत नाही, याचा काहींना रागही येतो. पण दोष फोल्डरचा नसेल, तर नवा टाकूनही खेळाडू तसाच पळणार आणि पैसे मात्र तुमचे जाणार.

टचस्क्रीनवर बोट टेकलं की अँड्रॉइड त्याला एक नंबर देतं. पहिल्या बोटाला 0, दुसऱ्याला 1. बोट उचलेपर्यंत तो नंबर बदलत नाही. यादीतली जागा मात्र बदलते. डावा अंगठा उचलला की उजवा यादीत पहिला होतो, नंबर 1 असला तरी. नीट बनवलेला गेम, जॉयस्टिकवर कुठल्या नंबरचं बोट आहे ते लक्षात ठेवतो. घाईत बनवलेला गेम 'यादीतलं पहिलं बोट म्हणजे जॉयस्टिक' एवढंच धरून चालतो. मग डावा अंगठा क्षणभर सुटला की फायरवरचं बोटच जॉयस्टिक ठरतं आणि खेळाडू उजवीकडे सुटतो. यात काचेचा काही संबंध नाही.

दोष कुणाचा, हे घरीच बघता येतं. सेटिंगमध्ये `About phone` मध्ये जाऊन `Build number` वर सात वेळा टॅप करा, म्हणजे `Developer options` उघडतात (काही कंपन्यांच्या फोनमध्ये बिल्डऐवजी त्यांच्या सिस्टिमच्या व्हर्जनवर टॅप करावं लागतं). तिथलं `Pointer location` चालू करा. आता दोन्ही अंगठे स्क्रीनवर ठेवा. वरच्या पट्टीत डाव्या कोपऱ्यात `P: 2 / 2` दिसलं पाहिजे. अंगठे न उचलता हळूहळू फिरवा. दोन रेषा सलग उमटल्या, तर स्क्रीनला दोन्ही बोटं नीट कळतायत. रेषा दर वेळी एकाच जागी तुटत असेल, आकडा मधेच 1 वर येत असेल, किंवा दोन्ही बोटं आडव्या-उभ्या एका ओळीत आली की रेषा एकमेकींच्या जागी उड्या मारत असतील, तर टच बघावा लागेल. हलक्या फोल्डरमध्ये हा शेवटचा प्रकार जास्त दिसतो. बघून झालं की ते सेटिंग बंद करा. नाहीतर "स्क्रीनवर रेषा आल्या" म्हणून परत येणारेही असतात.

मिरजेच्या एका मुलाने दुसरीकडे डिस्प्ले बदलून घेतला होता, तरी तक्रार तीच. त्याच्या फोनवर `P: 2 / 2` स्थिर होतं, रेषाही स्वच्छ. जॉयस्टिकचाच दुसरा गेम लावला, तो व्यवस्थित चालला. मग त्याच्या गेममध्ये आधी फायर दाबून धरायला सांगितलं आणि डावा अंगठा लांबच ठेवला. खेळाडू लगेच उजवीकडे धावू लागला. बोटांच्या क्रमाने बिघाड होत असेल तर गेमचा दोष, स्क्रीनवरच्या जागेने होत असेल तर टचचा. आम्ही याच खुणेवर जातो. त्याला गेम अपडेट करायला आणि सेटिंगमध्ये जॉयस्टिक एका जागी पक्की करायला सांगितलं. ती सोय सगळ्या गेममध्ये नसते. नसेल तर डावा अंगठा आधी टेकवायचा आणि फायर चालू असताना उचलायचा नाही, एवढ्यावर भागतं.

चार्जर लावून खेळत असाल तर आधी तो काढून बघा. हलक्या चार्जरमुळे टच आपोआप नाचतो. तीन बोटांनी स्क्रीनशॉट घ्यायची सोय चालू असेल तर तीही बंद करा, कारण तिसरं बोट लागताच फोन खेळातले टच मधेच तोडू शकतो.

आता आमची एकच विनंती. फोन फॉरमॅट करून किंवा गेम काढून आणू नका. बहुतेक जण नेमकं हेच करतात, आणि मग गेम पुन्हा उतरवून, लॉगिन करून बिघाड दिसेपर्यंत तुमची दुपार दुकानातच जाते. गेम फोनमध्ये राहू द्या, स्क्रीनगार्ड काढू नका, रोजचा चार्जर सोबत आणा. दोन बोटांची तपासणी तुमच्यासमोर, मोफत. फोल्डर खरंच बदलायचा असेल तर नवा चिकटवण्याआधी नुसता जोडून हीच तपासणी तुमच्या हाताने करून घेतो, पैसे त्यानंतर.