उत्तर नेमकं निम्मं येतंय? द्रावण परत पाठवण्याआधी हे वाचा

आमच्या श्वास-चाचणी संचाची पेटी उघडलीत की हे पान सर्वांत वर दिसेल. ते मुद्दामच तिथे ठेवलं आहे. जानेवारी-फेब्रुवारीत प्रॅक्टिकलचे दिवस आले की घोडबंदर रोडपासून कळव्यापर्यंतच्या कॉलेजांतून वागळे इस्टेटमधल्या आमच्या गाळ्यावर एकच फोन येतो : "तुमचं डायक्रोमेट चुकीच्या ताकदीचं आहे. ९० यायला हवं तिथे ४५ येतंय." आम्ही माणूस पाठवतो, परत आलेली ऍम्प्यूल तपासतो, आणि द्रावण बरोबर निघतं. तुमचा एक तास जातो, आमचा दिवस जातो. चूक बहुतेक वेळा वहीत असते, आणि ती इतकी बेमालूम असते की विद्यार्थ्याला दोष देता येत नाही.

आधी संचात काय आहे ते थोडक्यात. प्रत्येक ऍम्प्यूलमध्ये ३ मिली द्रावण आहे. त्यात ०.०२५ टक्के पोटॅशियम डायक्रोमेट, म्हणजे ०.७५ मिलिग्रॅम, सुमारे ५० टक्के सल्फ्युरिक आम्लात विरघळवलेलं असतं आणि उत्प्रेरक म्हणून किंचित सिल्व्हर नायट्रेट असतं. अमेरिकेत इंडियानाच्या रॉबर्ट बोर्कनस्टाइन यांनी १९५४ मध्ये जे श्वासयंत्र बनवलं, त्यातल्या ऍम्प्यूलचीच ही रचना. वर्गात कुणाला दारू पाजायची नसल्यामुळे आम्ही लिटरमागे सुमारे १.१ ग्रॅम इथेनॉल असलेलं पाणी देतो. ते ३४ अंशांवर ठेवून त्यातून हवा बुडबुड्यांनी काढली की त्या हवेत रक्तातल्या ९० मिग्रॅ प्रति १०० मिलीशी जुळेल एवढं अल्कोहोल येतं. त्यातली ५२.५ मिली हवा ऍम्प्यूलमधून सोडायची, ऍम्प्यूल ५० अंशांच्या ब्लॉकमध्ये ९० सेकंद ठेवायची आणि निळ्या फिल्टरच्या कलरीमीटरवर नारिंगी रंग किती उतरला ते पाहायचं. रीडिंग ०.०९६ मिलिग्रॅम डायक्रोमेट खर्ची पडल्याचं दाखवेल.

आता समीकरण. अल्कोहोलची बाजू बहुतेकांना जमते :

```
C2H5OH + H2O → CH3COOH + 4H+ + 4e-
```

गडबड क्रोमियमच्या बाजूला होते. क्रोमियम +६ वरून +३ वर येतो हे सगळ्यांना पाठ असतं, म्हणून हात आपोआप 3e- लिहितो. पण डायक्रोमेटच्या एका आयनात क्रोमियमचे दोन अणू आहेत, दोघांनाही तीन-तीन इलेक्ट्रॉन लागतात :

```
Cr2O7^2- + 14H+ + 6e- → 2Cr3+ + 7H2O
```

इथे 3e- लिहिणाऱ्याचं पुढचं काम बघा. तो चार आणि तीनचा लसावि १२ काढतो, डायक्रोमेटला चारने आणि अल्कोहोलला तीनने गुणतो, बेरीज करतो :

```
4Cr2O7^2- + 3C2H5OH + 44H+ → 8Cr3+ + 3CH3COOH + 25H2O
```

अणू मोजा. क्रोमियम आठ-आठ, कार्बन सहा-सहा, हायड्रोजन ६२ आणि ६२, ऑक्सिजन ३१ आणि ३१. सगळं जुळतं. विद्यार्थी खूण करून पुढे जातो, तपासणारे सरही घाईत असतील तर खूण करतात. समीकरण तरी चुकीचंच. प्रभार मोजा म्हणजे कळेल : डावीकडे −८ आणि +४४ मिळून +३६, उजवीकडे आठ क्रोमियमचे +२४. बारा प्रभारांचा हिशेब लागतच नाही. रेडॉक्समध्ये अणू जुळणं पुरेसं नसतं. इलेक्ट्रॉन हरवला की त्याचा पत्ता फक्त प्रभार सांगतो.

बरोबर समीकरणात लसावि सहा आणि चारचा, म्हणजे पुन्हा १२, पण डायक्रोमेटला दोननेच गुणायचं :

```
2Cr2O7^2- + 3C2H5OH + 16H+ → 4Cr3+ + 3CH3COOH + 11H2O
```

प्रभार डावीकडे −४ आणि +१६, म्हणजे +१२. उजवीकडे चार क्रोमियमचे +१२. जुळलं.

आता हिशेब. ०.०९६ मिलिग्रॅम म्हणजे ९६ मायक्रोग्रॅम. पोटॅशियम डायक्रोमेटच्या २९४ या रेणुवस्तुमानाने भागलं की ०.३२७ मायक्रोमोल. दोन डायक्रोमेटला तीन अल्कोहोल, म्हणून दीडपट : ०.४९ मायक्रोमोल. गुणिले ४६ केलं की २२.५ मायक्रोग्रॅम इथेनॉल. हे ५२.५ मिली हवेतलं आहे. २१०० मिली श्वासात जेवढं अल्कोहोल तेवढंच १ मिली रक्तात असं धरतात, म्हणजे आपला नमुना रक्ताच्या चाळिसाव्या भागाएवढा, ०.०२५ मिलीएवढा. १०० मिली रक्तासाठी ४००० ने गुणा : ९० मिलिग्रॅम.

चुकीच्या समीकरणात चाराला तीन हे प्रमाण येतं, दीडपटीऐवजी पाऊणपट होते आणि उत्तर ४५ येतं. बरोबर निम्मं! म्हणून फोन करणाऱ्याची खात्री पटलेली असते की द्रावणाची ताकद दुप्पट आहे. हा फरक किरकोळ नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिग्रॅ आहे. खरं ५० असलेला चालक या गणितात २५ वर येतो आणि सुटतो.

तेव्हा फोन करण्याआधी एकच गोष्ट पाहा : रीडिंग. कलरीमीटरने ०.०९६ च्या आसपास दाखवलं आणि उत्तर तरी निम्मं आलं, तर द्रावण ठीक आहे, वहीतले इलेक्ट्रॉन तपासा. रीडिंगच कमी, समजा ०.०७, आलं असेल तर अभिक्रिया पूर्ण झालेली नाही. ९० सेकंदांच्या आत ऍम्प्यूल काढली किंवा ब्लॉक गार होता, तर काही इथेनॉल इथेनालपाशीच थांबतं आणि डायक्रोमेट कमी खर्ची पडतं. हवा न सोडलेली कोरी ऍम्प्यूल लावून पाहा. तिच्यात ०.७५ मिलिग्रॅम दिसलं नाही तर चूक आमची, संच आम्ही बदलून देऊ, पैसे लागणार नाहीत.

अनेकांची मागणी असते की पेटीवर थेट गुणक छापा, "खर्ची पडलेलं डायक्रोमेट गुणिले ०.२३५" म्हणजे काम झालं. आम्ही छापत नाही आणि छापणार नाही. त्या गुणकात दीडपट लपलेली असते, आणि हा संच ती दीडपट कुठून आली हे शिकवण्यासाठी बनवला आहे. त्याऐवजी गेल्या वर्षापासून दर संचात प्रभार-तपासणीचं एक कार्ड देतो, जादा कार्डं मागितल्यास रिफिलसोबत मिळतात.

आणि हा संच घेऊन कुणाच्या श्वासाचा निवाडा करू नका. डायक्रोमेट इथेनॉललाच ओळखतं असं नाही, श्वासातले दुसरे क्षपणकारक पदार्थही त्यात धरले जातात. शिवाय ३० मिलिग्रॅमच्या मर्यादेवर जेमतेम ०.०३२ मिलिग्रॅम डायक्रोमेट खर्ची पडतं, ऍम्प्यूलमधल्याच्या चार टक्क्यांहून थोडं जास्त. तेवढा रंगबदल डोळ्याला दिसत नाही, म्हणून कलरीमीटर नसलेल्या शाळांना आम्ही हा संच विकत नाही. एक जुनं कलरीमीटर दुरुस्त करून माफक दरात देण्याची सोय आमच्याकडे आहे, विचारा.

वापरलेली ऍम्प्यूल बेसिनमध्ये ओतू नका. आम्ल तीव्र आहे आणि सहा-संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे. पेटीतल्या झाकणाच्या डब्यात जमवा, पुढची ऑर्डर द्यायला आलेला आमचा माणूस तो डबा परत नेतो. परत पाठवायची ऍम्प्यूल असेल तर तिच्यासोबत कोऱ्या ऍम्प्यूलचं रीडिंग आणि वहीतल्या समीकरणाचा फोटो द्या.