वसिष्ठाच्या आत किती तारे?

सप्तर्षीच्या शेपटीतला मधला तारा वसिष्ठ, आणि त्याला खेटून असलेला अंधुक ठिपका अरुंधती. आकाशात दोघांमधलं अंतर सुमारे 700 विकला आहे. एक विकला म्हणजे अंशाचा 3600 वा भाग. चांगली नजर 60 विकलांपर्यंतची फट ओळखते, त्यामुळे इथे दुर्बीण लागत नाही.

1617 मध्ये गॅलिलिओने वसिष्ठाकडे दुर्बीण वळवली, तर तो एकटाही दोन निघाला! त्या दोघांत जेमतेम 14 विकला अंतर आहे. ते वेगळे दिसायला किती मोठं भिंग हवं?

तारा इतका दूर असतो की तो आपल्यासाठी बिंदूच. पण भिंगाच्या गोल तोंडातून येताना प्रकाशलहरी पसरतात आणि बिंदूच्या जागी एक चकती उमटते, तिच्याभोवती फिकट कडी. याला विवर्तन म्हणतात. एका ताऱ्याच्या चकतीचा मध्य दुसऱ्याच्या पहिल्या काळ्या कड्यावर पडला, की दोघं कसेबसे सुटे दिसतात. हा रॅलेचा निकष:

θ = 1.22 λ/D

λ म्हणजे प्रकाशाची तरंगलांबी, D म्हणजे भिंगाचा व्यास, आणि θ रेडियनमध्ये मिळतो. डोळ्याला सर्वांत ठळक दिसणाऱ्या 550 नॅनोमीटरच्या प्रकाशासाठी हिशेब सोपा होतो: 138 ला मिलिमीटरमधल्या व्यासाने भागा, उत्तर विकलांत. वसिष्ठाच्या जोडीसाठी 138 ÷ 14, म्हणजे सुमारे 10 मिलिमीटर. करंगळीच्या नखाएवढं भिंग पुरतं. मात्र 14 विकलांची फट डोळ्याच्या 60 विकलांपर्यंत ताणायला निदान साडेचारपट वर्धन लागतं, आणि निवांत बघायला त्याहून बरंच जास्त.

म्हणून वर्धन वाढवत जावं का? नाही. जी फट चकत्यांनी बुजवली, ती शंभरपट मोठी केली तरी बुजलेलीच राहते. सूक्ष्मदर्शकाचंही तेच: उत्तम भिंगालाही साध्या प्रकाशात पाव मायक्रोमीटरपेक्षा जवळचे बिंदू वेगळे करता येत नाहीत.

दुर्बिणीला आणखी एक अडथळा असतो, हवेचा. 100 मिलिमीटर भिंगाची मर्यादा 1.4 विकला येते, आणि वातावरणाची थरथर बहुतेक रात्री तारा साधारण तेवढाच फासते. दोष कुणाचा, हे ओळखणं सोपं आहे. चकती आणि कडी स्थिर, रेखीव दिसली तर मर्यादा भिंगाची. तारा उकळत्या पाण्यासारखा खदखदत असेल तर हवेची.

गॅलिलिओच्या जोडीतला ठळक तारा पुन्हा जोडताराच आहे. 1889 मध्ये त्याच्या वर्णपटातल्या रेषा दुहेरी होताना दिसल्या आणि ते उघड झालं. ही फट सुमारे 0.01 विकला, म्हणजे जवळपास 14 मीटर व्यासाचा आरसा हवा. तेवढा अखंड आरसा कुणाकडेच नव्हता. मग एकमेकांपासून दूर ठेवलेल्या आरशांचा प्रकाश एकत्र आणण्यात आला. अशा मांडणीत आरशाच्या आकाराऐवजी आरशांमधलं अंतर मोजलं जातं, आणि ती जोडीही सुटी झाली.