वयगणना, स्प्रेडशीटमधील

जन्मदिनांक आणि एखादा ठरलेला दिनांक यांमधील अंतर पूर्ण वर्षे, महिने आणि दिवस अशा तीन घटकांत काढण्याची रीत. नोकरभरतीच्या अर्जात जाहिरातीतील दिनांकास असलेले वय आणि शाळाप्रवेशात मानीव दिनांकास असलेले वय याच रीतीने नोंदवले जाते. दोन दिनांकांची नुसती वजाबाकी केल्यास केवळ दिवसांची संख्या मिळते. तिला ३६५.२५ ने भागून येणारे वय अंदाजी असते आणि वाढदिवसाच्या आसपास ते एका वर्षाने चुकू शकते. म्हणून या कामासाठी प्रामुख्याने DATEDIF हे फलन वापरले जाते.

हे फलन लोटस १-२-३ या जुन्या प्रणालीतील कार्यपत्रके चालावीत म्हणून एक्सेलमध्ये ठेवले आहे, असे मायक्रोसॉफ्टचे साहाय्यपृष्ठ सांगते. लोटस १-२-३ हे १९८३ मध्ये बाजारात आले. हे फलन त्यात आरंभापासून होते असे मानण्यापेक्षा ते पुढील एखाद्या आवृत्तीत आले असावे, असे मानणे अधिक सुरक्षित दिसते. एक्सेलमध्ये सूत्र टाइप करताना सुचवल्या जाणाऱ्या फलनांच्या यादीत ते दिसत नाही, त्यामुळे अनेकांना ते अस्तित्वात असल्याचेच ठाऊक नसते. १९०० हे वर्ष लीप धरण्याची चूकही लोटसकडूनच एक्सेलमध्ये आली. १ मार्च १९०० नंतरच्या दिनांकांमधील अंतरावर मात्र तिचा परिणाम होत नाही, त्यामुळे हयात व्यक्तींच्या वयगणनेत ती आडवी येत नाही.

जन्मदिनांक A2 मध्ये आणि गणनेचा दिनांक B2 मध्ये असल्यास तीन सूत्रे पुढीलप्रमाणे होतात.

```
=DATEDIF(A2,B2,"Y")
=DATEDIF(A2,B2,"YM")
=DATEDIF(A2,B2,"MD")
```

पहिले पूर्ण वर्षे देते, दुसरे वर्षे वगळून उरलेले महिने आणि तिसरे उरलेले दिवस. दोष तिसऱ्यात आहे. समजा, जन्म ३१ ऑगस्ट १९९८ चा आहे आणि वय १ मार्च २०२३ रोजीचे हवे आहे. पहिली दोन सूत्रे २४ आणि ६ ही योग्य उत्तरे देतात. तिसरे मात्र उणे २ दाखवते. याचे कारण असे की फलन १ मधून ३१ वजा करते आणि आधीच्या महिन्याचे, म्हणजे फेब्रुवारीचे, २८ दिवस त्यात मिळवते. उणे आकडा निदान डोळ्यांत भरतो. याच जन्मदिनांकासाठी १ मे हा दिनांक दिल्यास एप्रिलचे ३० दिवस मिळून उत्तर शून्य येते आणि ती गफलत सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. गणनेचा दिनांक ३१ डिसेंबर असल्यास वजाबाकीत उसने घ्यावेच लागत नाही. त्यामुळे त्या दिनांकावर चालणाऱ्या शाळाप्रवेशाच्या तक्त्यांत हा दोष कधीच दिसत नाही. "MD" वापरू नये, असे मायक्रोसॉफ्टनेही सुचवले आहे.

दिवसांसाठी पुढील सूत्र अधिक भरवशाचे आहे.

```
=B2-EDATE(A2,DATEDIF(A2,B2,"M"))
```

वरील उदाहरणात पूर्ण महिने २९४ होतात. EDATE जन्मदिनांकात ते मिळवून २८ फेब्रुवारी २०२३ वर थांबते, कारण त्या महिन्यात ३१ तारीख नाही. म्हणून वय २४ वर्षे ६ महिने १ दिवस येते. उत्तराच्या जागी एखादा दिनांकच दिसू लागल्यास सेलचे स्वरूप बदलून साधी संख्या करावे.

हेच एकमेव बरोबर उत्तर आहे, असे मात्र म्हणता येत नाही. महिना सरसकट ३० दिवसांचा धरून हातचा घेण्याच्या शालेय पद्धतीने याच व्यक्तीचे वय २४ वर्षे ६ महिने ० दिवस भरते. महिन्याची लांबी एकसारखी नसल्याने हा भेद संकेताचा आहे, गणिताचा नव्हे. अर्जात रीत सांगितलेली नसल्यास जन्मदिनांकापासून पुढे मोजत जाणारी, म्हणजे EDATE ची, रीत पसंत करावी असे दिसते. तिलाही एक खोट आहे. २९ फेब्रुवारी २००४ रोजी जन्मलेल्या व्यक्तीचे वय तिच्यानुसार २८ फेब्रुवारी २०२२ रोजी १७ वर्षे ११ महिने ३० दिवस येते आणि दुसऱ्याच दिवशी १८ वर्षे ० महिने १ दिवस. नेमकी १८ वर्षे कोणत्याच दिवशी दिसत नाहीत. येथे "MD" मात्र १ मार्चला शून्य दाखवते.

प्रत्यक्षात अधिक चुका सूत्रापेक्षा दिनांकाच्या नोंदीत होतात. संगणकाची मांडणी अमेरिकी असल्यास ०५/०८/१९९८ हा ५ ऑगस्ट न धरता ८ मे धरला जातो आणि वय जवळपास तीन महिन्यांनी वाढते. २५/०८/१९९८ मध्ये २५ हा महिना संभवत नसल्याने ती नोंद मजकूर म्हणून राहते, सेलच्या डाव्या कडेला चिकटते आणि सूत्र #VALUE! दाखवते. त्यामुळे एकाच रकान्यातील काही तारखा डावीकडे आणि काही उजवीकडे दिसत असतील, तर उजवीकडच्या तारखांचे दिवस-महिनेही मूळ दाखल्याशी ताडून पाहावे लागतात.