आलेखातला पाऊस कोणत्या ऋतूतला?

भूगोलाच्या कृतिपत्रिकेत पर्जन्य आणि तापमानाचे दोन आलेख शेजारी-शेजारी छापलेले असतात, ठिकाणांची नावे मुद्दाम दिलेली नसतात, आणि खाली दोन प्रश्न असतात: सर्वाधिक पाऊस कोणत्या ऋतूत पडतो, आणि हे ठिकाण कोणत्या प्रदेशातील असावे? अशाच दोन आलेखांची एक जोडी येथे घेऊ. ‘अ’ हा मराठवाड्यातील छत्रपती संभाजीनगरचा आहे आणि ‘ब’ ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरील पर्थचा. आकडे दीर्घकालीन सरासरीच्या जवळपासचे असून सोयीसाठी गोल केले आहेत. ही जोडी निवडण्याचे कारण असे की दोन्ही ठिकाणी वर्षाचा पाऊस सव्वासातशे ते साडेसातशे मिलिमीटर आहे, आणि दोन्हीकडे जून, जुलै व ऑगस्टचे स्तंभ उंच आहेत. केवळ स्तंभ पाहणारा विद्यार्थी येथे हमखास फसतो. “बाई, दोन्हीकडं जूनलाच पाऊस लागलाय, मग दोन्ही आपल्याकडचेच की,” हे उत्तर वर्गात ऐकू येते, आणि स्तंभांपुरते पाहिले तर त्यात चूक काढता येत नाही.

उत्तर सापडते ते तापमानाच्या रेषेत. ‘ब’ आलेखात जानेवारी-फेब्रुवारीला सरासरी तापमान २५ अंश सेल्सिअसच्या आसपास आहे, तेथून रेषा उतरत जुलैत १३ अंशांवर येते आणि डिसेंबरपर्यंत पुन्हा २३ अंशांवर चढते. म्हणजे रेषेचा आकार मधोमध खोल गेलेल्या द्रोणासारखा आहे. जेथे जुलै हा वर्षातील सर्वांत थंड महिना असतो आणि जानेवारी उबदार असतो, ते ठिकाण दक्षिण गोलार्धातच असले पाहिजे. मग जून-जुलैचे १२८ आणि १४५ मिलिमीटरचे स्तंभ हे तेथील हिवाळ्याचे स्तंभ ठरतात. उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात, दर महिन्याला जेमतेम १० ते १८ मिलिमीटर पाऊस दिसतो. हिवाळ्यात पाऊस आणि कोरडा उन्हाळा ही भूमध्यसागरी हवामानाची खूण आहे. हिवाळ्यात पश्चिमी वाऱ्यांचा पट्टा विषुववृत्ताकडे सरकतो आणि पर्थला पाऊस देतो, तर उन्हाळ्यात त्या जागी जास्त दाबाचा पट्टा येतो आणि आकाश कोरडे राहते.

म्हणून महिन्याच्या नावावरून ऋतू ठरवण्याची सवय आधी मोडावी लागते. आपल्याकडे ‘जून’ म्हटले की ‘पावसाळा’ हा शब्द इतका लगेच तोंडात येतो, की विद्यार्थी आलेख न पाहताच ऋतू लिहून मोकळा होतो. आधी रेषेवरून उबदार आणि थंड महिने ठरवावेत, त्यावरून गोलार्ध ठरवावा, आणि मगच स्तंभांकडे वळावे. हा क्रम उलटा केला की उत्तर चुकण्याची शक्यता वाढते.

आता ‘अ’ आलेख. येथे रेषा जानेवारीत २१ अंशांवरून निघते, मार्चपासून झपाट्याने चढते आणि मेमध्ये ३२ अंशांवर पोहोचते. जूनमध्ये ती २९ वर येते, जुलैत २६ आणि ऑगस्टमध्ये २५ वर. उत्तर गोलार्धात जून-जुलैत सूर्य उंच असताना रेषा खाली का येते, हा या आलेखातला सर्वांत चांगला प्रश्न आहे, आणि कृतिपत्रिकेत तो क्वचितच विचारला जातो. छत्रपती संभाजीनगर सुमारे २० अंश उत्तर अक्षवृत्तावर असल्यामुळे तेथे सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो, एकदा मेच्या तिसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या चौथ्या आठवड्यात. शून्य सावलीचे दिवस म्हणून हे दिवस आता विद्यार्थ्यांनाही ठाऊक असतात. मेमध्ये आकाश निरभ्र आणि जमीन सुकलेली असते, त्यामुळे आलेले ऊन जवळजवळ सगळे जमीन आणि हवा तापवण्यात जाते. जुलैत सूर्य तितकाच वर असतो, पण ढग बरेचसे ऊन अडवतात, आणि जमिनीपर्यंत पोहोचलेल्या उन्हाचा मोठा भाग ओल्या जमिनीतील पाण्याची वाफ करण्यात खर्च होतो. म्हणून रेषेचा माथा मेमध्ये असतो, आणि त्यानंतर लगेच स्तंभ उंचावतात. पाऊस सुरू होण्याआधी तापमानाचा कळस आणि पाऊस सुरू होताच उतार, हा आकार मोसमी हवामानाची ओळख आहे. तो दिसला की ‘नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा प्रदेश’ असे उत्तर निःशंकपणे लिहावे.

येथे एक शंका येते. पावसाळा सरला की आपल्याला ‘ऑक्टोबर हीट’ जाणवते, मग रेषा ऑक्टोबरमध्ये पुन्हा वर का चढत नाही? ‘अ’ आलेखात सप्टेंबर आणि ऑक्टोबरला ती २५ ते २६ अंशांच्या दरम्यान जवळपास आडवीच राहते. याचे कारण आलेख कशाचा आहे यात दडलेले आहे. तो दिवसाचे कमाल आणि रात्रीचे किमान तापमान मिळवून काढलेल्या सरासरीचा आहे. ऑक्टोबरमध्ये दुपारचे तापमान ऑगस्टपेक्षा दोन-तीन अंशांनी वाढते, पण ढग नसल्यामुळे जमिनीची उष्णता रात्री निघून जाते आणि किमान तापमान तेवढेच खाली उतरते. दोन्ही मिळून सरासरी जागच्या जागी राहते. कमाल तापमानाची रेषा वेगळी काढली, तर ऑक्टोबरचा उंचवटा लगेच दिसतो. त्यामुळे अक्षावर ‘सरासरी तापमान’ लिहिले आहे की ‘कमाल तापमान’, हे वाचल्याशिवाय उन्हाच्या कडाक्याबद्दल विधान करू नये.

अक्ष वाचण्यातली याहून मोठी चूक पावसाच्या मापात होते. मुंबईच्या जुलैच्या स्तंभाला अक्ष हजार मिलिमीटरपर्यंत न्यावा लागतो, मराठवाड्यातील ठिकाणाला दोनशेपर्यंत पुरतो. कागदावर मात्र दोन्ही आलेखांची उंची सारखीच असते, त्यामुळे दोन्ही स्तंभ सारखेच ‘भरपूर’ दिसतात. दोन आलेखांची तुलना करताना स्तंभाची उंची न पाहता त्याच्या टोकासमोरचा आकडा पाहावा.

एखादा महिना ‘कोरडा’ आहे की ‘ओला’, हेही नुसत्या स्तंभावरून ठरत नाही, कारण तेवढाच पाऊस थंड हवेत पुरतो आणि तापलेल्या हवेत उडून जातो. त्यासाठी भूगोलात एक सोपी कसोटी वापरतात. महिन्याच्या सरासरी तापमानाची दुप्पट करावी, आणि पावसाचे मिलिमीटर त्याहून कमी भरले तर तो महिना कोरडा समजावा. ‘अ’ मध्ये मेचे तापमान ३२, त्याची दुप्पट ६४, आणि पाऊस अवघा २०, म्हणून मे कोरडा. जूनला २९ ची दुप्पट ५८ होते आणि पाऊस १३०, म्हणून जून ओला. ऑक्टोबर काठावर आहे: दुप्पट ५१ च्या आसपास आणि पाऊस ६०. नोव्हेंबरला दुप्पट ४६ होते आणि पाऊस २० च भरतो. म्हणजे जून ते ऑक्टोबर ओले आणि उरलेले सात महिने कोरडे. हीच कसोटी ‘ब’ ला लावली की मे ते ऑक्टोबर असे सहा महिने ओले निघतात. वर्षाचा पाऊस जवळपास तेवढाच, तरी पर्थला एक महिना जास्त मिळतो, कारण तेथील पाऊस थंडीत पडतो.

या कसोटीची मर्यादा मराठवाड्यातला शेतकरी एका वाक्यात दाखवून देईल. नोव्हेंबर-डिसेंबर आलेखात कोरडे ठरतात, पण त्याच महिन्यांत त्याच्या रानात रब्बी ज्वारी उभी असते. भारी काळी जमीन सप्टेंबर-ऑक्टोबरचा पाऊस धरून ठेवते आणि पीक त्या ओलीवर वाढते. आलेख हवेतून पडलेले पाणी मोजतो, मातीतले मोजत नाही. ‘या प्रदेशात हिवाळ्यात शेती होत नाही’ असा निष्कर्ष काढणारे उत्तर म्हणूनच चुकीचे ठरते.

प्रदेश आणखी नेमका करायचा झाल्यास सप्टेंबरचा स्तंभ पाहावा. ‘अ’ मध्ये जुलै आणि ऑगस्ट प्रत्येकी १६५ मिलिमीटरचे, आणि सप्टेंबर १६० चा, म्हणजे तिघेही जवळपास एका उंचीचे. महाबळेश्वरच्या आलेखात असे कधी दिसणार नाही. तेथे जुलैचा स्तंभ सप्टेंबरच्या कितीतरी पट असतो. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरचा पाऊस अरबी समुद्रावरून येणारे वारे डोंगर चढताना पडतो, आणि ते वारे जुलैत सर्वांत जोरात असतात. मराठवाडा त्या डोंगराच्या पर्जन्यछायेत येतो, त्यामुळे जुलैचा तो जोर येथे पोहोचेपर्यंत ओसरलेला असतो. येथील पावसाचा मोठा वाटा बंगालच्या उपसागरात तयार होऊन पश्चिमेकडे सरकणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांचा असतो, आणि ती सप्टेंबरमध्येही येत राहतात. समुद्रापासून लांब गेले की पाऊस घटतो हा नियम येथे फसतो, तो याचमुळे: अरबी समुद्र बीडपेक्षा नांदेडपासून जास्त लांब असूनही नांदेडकडे पाऊस जास्त असतो. तरीही आलेखावरून ‘दख्खनच्या पठारावरील पर्जन्यछायेचा प्रदेश’ इथपर्यंतच जाता येते. गावाचे नाव लिहिण्याइतका पुरावा त्यात नसतो.

आणि ज्या प्रश्नाचे उत्तर आलेखात नाहीच, असा एक प्रश्न अनेक कृतिपत्रिकांत शेवटी असतो: ‘या ठिकाणी पाणीटंचाई जाणवते का?’ स्तंभ हे बहुधा तीस वर्षांच्या सरासरीचे असतात. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. लातूरच्या सरासरी आलेखात त्याचा मागमूसही सापडणार नाही, कारण आधीच्या तुटीच्या पावसाळ्यांचे आकडे चांगल्या वर्षांच्या आकड्यांत मिसळून गेलेले असतात. महिन्याच्या आतही हेच घडते. शासनाच्या नोंदीत एखाद्या महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला की ती अतिवृष्टी धरली जाते. असे अडीच दिवस आले तरी ‘अ’ मधला जुलैचा १६५ मिलिमीटरचा स्तंभ पूर्ण भरतो, आणि उरलेल्या अठ्ठावीस दिवसांत पिकाने माना टाकल्या तरी आलेखात तो महिना ओलाच दिसतो. पावसाच्या खंडाबद्दल काही लिहायचे असेल तर रोजच्या पावसाचा तक्ताच मागवावा लागतो.