जितके मागे, तितके बरे? बॅक गेमची पार्श्वभूमी

दादरच्या पारशी कॉलनीत मित्राच्या घरी बॅकगॅमनचा एक जुना लाकडी पट आहे. त्याचे काका आजही सहा-पाच पडलं की ‘शेश-बेश’ म्हणतात. त्यांच्या समोर बसून मी पहिल्यांदा बॅक गेम खेळलो, म्हणजे खरं तर त्यात ढकलला गेलो. माझ्या चार सोंगट्या त्यांच्या घरात अडकल्या होत्या आणि मी खूपच मागे होतो. काका म्हणाले, ‘‘अरे, तू मागे आहेस हे वाईट नाही. तू पुरेसा मागे नाहीस, हे वाईट आहे.’’ तेव्हा मला ती थट्टाच वाटली.

हा खेळ इराणातला ‘नर्द’. खुस्रो राजाच्या काळात हिंदुस्थानच्या राजाने कोडं म्हणून बुद्धिबळ पाठवलं आणि वजीर बुजुर्गमिहिरने उत्तरादाखल नर्द पाठवला, अशी पहलवी भाषेत एक कथा आहे. तिच्यात तीस सोंगट्या म्हणजे महिन्याचे तीस दिवस-रात्र. ही कथा पेशोतन संजाना यांनी 1885 मध्ये मुंबईतच छापून प्रसिद्ध केली होती. पण कथेतल्या नर्दमध्ये आणि आज आपण खेळतो त्या डावात एक मोठा फरक आहे. डाव दुप्पट करायचा ठोकळा, म्हणजे डबलिंग क्यूब, 1920 च्या दशकात न्यूयॉर्कच्या क्लबांमध्ये आला. बॅक गेमकडे बघण्याची नजर बदलली ती त्यामुळे.

बॅक गेम म्हणजे समोरच्याच्या होम बोर्डमध्ये, म्हणजे त्याच्या शेवटच्या सहा घरांत, दोन घरं धरून बसायचं, प्रत्येकी दोन सोंगट्या ठेवून. या घरांना अँकर म्हणतात. शर्यत हरलेलीच असते. भिस्त एकाच गोष्टीवर असते: समोरचा आपल्या सोंगट्या घरी आणून बाहेर काढायला लागला की त्याची एखादी सोंगटी उघडी पडेल, ती आपण मारू आणि आपल्या बंद केलेल्या घरांमागे अडकवून ठेवू.

अँकर एकाच्या जागी दोन का, याचं उत्तर आकड्यांत आहे. घरांचे नंबर प्रत्येकजण आपल्या सोंगट्या बाहेर पडतात त्या टोकापासून मोजतो, म्हणजे त्याचं 3 ते माझं 22. समजा, तुमचे अँकर त्याच्या 2 आणि 3 नंबरच्या घरांवर आहेत, त्याची 4 आणि 5 ही घरं भरलेली आहेत आणि 6 वर एक सोंगटी उघडी पडली. फक्त 3 चा अँकर असता तर दानात तीन येणं भाग होतं, म्हणजे 36 पैकी 11 दानं. 2 चाही असल्यामुळे चारही चालतो आणि ती संख्या 20 होते. म्हणूनच 2-3, 1-3 आणि 2-4 या जोड्या चांगल्या मानतात. 1-2 फार खोल असते. तिथून समोरच्याला त्रास होतो तो अगदी शेवटी, तोवर त्याच्या बऱ्याच सोंगट्या बाहेर गेलेल्या असतात.

पण अँकर हा अर्धाच भाग झाला. 1976 मध्ये बॅकगॅमन खेळाडू पॉल मॅग्रिएलच्या पुस्तकाने डाव वाचण्याची शिस्त लावली, तेव्हा त्यात टायमिंगला स्वतंत्र जागा होती. टायमिंग म्हणजे उघडी सोंगटी दिसेपर्यंत आपली पुढची घरं न मोडता थांबता येणं.

दोन पट मांडून बघू. दोन्हीत समोरच्याच्या 6, 5 आणि 4 या घरांवर तीन-तीन सोंगट्या आहेत, 8 आणि 7 वर दोन-दोन आणि मधल्या 13 वर दोन. त्याला एकूण 101 पिप, म्हणजे तितकी घरं, चालायची आहेत. बाहेरच्या सहा सोंगट्या साधारण 5 व्या घरापर्यंत आणायला त्याला 26 पिप, म्हणजे तीनेक दानं लागतील, कारण एका दानाची सरासरी आठच्या जरा वर असते. खरी कसरत त्यानंतर, 6 चं घर रिकामं करताना.

पहिल्या पटात त्याच्या 2 आणि 3 या घरांवर माझ्या दोन-दोन सोंगट्या आहेत. बाकीच्या अकरापैकी माझ्या 13 वर तीन, 8 वर तीन, 6 वर तीन आणि 5 वर दोन. माझी बेरीज 181, म्हणजे मी 80 ने मागे. मला 3 ते 7 ही पाच घरं सलग बंद करायची आहेत आणि अकरावी सोंगटी 6 वर ठेवायची आहे. त्या रचनेपर्यंत पोहोचायला 35 पिप लागतात, म्हणजे चार दानं. अगदी काठावर, पण जमेल.

दुसऱ्या पटात अँकर तेच, पण अकराही सोंगट्या घरी येऊन बसल्या आहेत: 6, 5 आणि 4 वर तीन-तीन, 3 वर दोन. बेरीज 141. आता मी फक्त 40 ने मागे. नवख्याला हा पट बरा वाटतो, मलाही वाटला होता. पण इथे खेळायला काही उरलेलंच नाही. सहा पडला तर तो खेळता येतो फक्त त्याच्या 3 च्या घरातून, म्हणजे अँकर मोडूनच. पाच पडला तर 6 वरची सोंगटी थेट 1 वर जाते. चार दानांत माझी भिंत कोसळते आणि मग त्याची सोंगटी मारूनही ती निसटून जाते.

काकांच्या वाक्याचा अर्थ हाच होता. पहिल्या पटात माझ्या 8 वरच्या तीनपैकी एक सोंगटी उघडी राहून मारली गेली, तर 17 पिप वाया जातात, म्हणजेच दोन दानांची सवड मिळते. म्हणूनच समोरचा जाणकार असेल तर अशा वेळी मारायचं टाळतो. याला मर्यादाही आहे. सहा-सात सोंगट्या मागे गेल्या तर पुढे भिंत बांधायला माणसंच उरत नाहीत.

आता क्यूब. समोरच्याने डाव दुप्पट करायला क्यूब पुढे केला, तर तो घ्यायचा की नकार देऊन डाव सोडायचा? समजा, 100 डावांत तुम्ही 30 जिंकता. साधा मागे पडलेला डाव असेल आणि उरलेले 70 एकेरी हरलात, तर तोटा सरासरी 0.4 गुणांचा, क्यूब 2 वर गेल्यावर 0.8. नकार दिला तर 1 जातो, म्हणजे घेतलेलं बरं. बॅक गेममध्ये मात्र त्या 70 पैकी 25 गॅमन आणि 5 बॅकगॅमन धरा, म्हणजे दुप्पट आणि तिप्पट हार. तोटा 0.75 वर जातो, क्यूबसह 1.5. जिंकणं तेवढंच, निर्णय उलटा. (पुढे क्यूब परत फिरवण्याचा फायदा इथे धरलेला नाही, त्याने फरक थोडा कमी होतो.) बॅक गेममध्ये गॅमन वाढतात, कारण मागच्या चार सोंगट्या शेवटपर्यंत तिथेच बसून असतात आणि फासा चुकला तर त्यांना घरी यायला वेळच मिळत नाही.

हा हिशेब पटावरून कागदावर यायला संगणक लागला. 1979 मध्ये माँटे कार्लोत हान्स बर्लिनरच्या संगणक-प्रोग्रॅमने जगज्जेत्या लुइजी व्हिलाला 7-1 ने हरवलं. 1992 मध्ये आयबीएममध्ये जेराल्ड टेसॉरोचा टीडी-गॅमन हा प्रोग्रॅम स्वतःशीच खेळून शिकला. एकच स्थिती हजारो वेळा खेळून बघता येऊ लागली, तशी बॅक गेमची जुनी ऐट उतरली. गंमत अशी की याच प्रोग्रॅम्सचा हात बॅक गेममध्ये बराच काळ कच्चा मानला जात होता, म्हणून जुने खेळाडू त्यांचे आकडे डोळे मिटून घेत नसत.

मॅचच्या शेवटच्या डावात, दोघांनाही एकच गुण हवा असतो तेव्हा, गॅमनची भीती उरत नाही. तिथे पहिल्या पटासारखा 80 ने मागे असलेला डाव मी आनंदाने खेळतो. पैशाच्या डावात मात्र माझ्या 13 आणि 8 वर अजून सोंगट्या आहेत का, हे आधी बघतो. नसतील तर समोरच्याने क्यूब पुढे सरकवला की मी फासे उचलून डब्यात ठेवतो. काका अजूनही घेतात.