चौतीस आणि पस्तीस एकाच खांबात नकोत

विदर्भातल्या एखाद्या खेड्यावरच्या शाळेत दहावीची पूर्वपरीक्षा झाली आहे असं समजू. कापसाच्या वेचणीत बुडालेले वर्ग डिसेंबरात कसेबसे भरून काढले, जानेवारीत पेपर झाले, आणि गणिताचे गुण एक्सेलमध्ये भरून झाले. 60 मुलं, 100 पैकी गुण. सगळ्यात कमी 16, सगळ्यात जास्त 82. सोळा मुलं नापास, चव्वेचाळीस पास. आकडे मी उदाहरणासाठी रचले आहेत, पण निकालाचा तक्ता हाताळणाऱ्याला ते ओळखीचे वाटतील.

हे गुण कसे पसरले आहेत ते पाहायचं तर आयतालेख काढायचा. एक्सेल 2016 किंवा त्यापुढचं असेल तर गुणांचा रकाना निवडायचा, Insert मध्ये जाऊन Insert Statistic Chart मधून Histogram घ्यायचा. दोन मिनिटांत खांब उभे राहतात. खरं काम त्यानंतर सुरू होतं, कारण खांब किती रुंद असावा आणि कुठून सुरू व्हावा हे एक्सेलनं आपल्याला न विचारताच ठरवलेलं असतं.

एक्सेल त्यासाठी स्कॉटचा नियम वापरतं. गुण सरासरीपासून किती विखुरले आहेत आणि मुलं किती आहेत, एवढ्यावरून तो रुंदी काढतो. आपल्या आकड्यांवर ती सुमारे 14 येते. सुरुवात सगळ्यात लहान आकड्यापासून, म्हणजे 16 पासून. त्यामुळे पहिला खांब 16 ते 30 आणि दुसरा 31 ते 44 असा पडतो. पहिल्यात 14 मुलं, दुसऱ्यात 24. पास-नापासची रेघ दुसऱ्या खांबाच्या पोटात गडप झाली. हा नियम आकड्यांचा आकार सलग आणि घंटेसारखा आहे असं धरून चालतो. 35 या आकड्याला आपल्याकडे काय वजन आहे हे त्याला ठाऊक असण्याचं कारण नाही.

मग रुंदी आपणच ठरवू. आडव्या अक्षावर उजवी क्लिक करून Format Axis उघडायचं. तिथे Bin width मध्ये 10 लिहिलं की खांब सात होतात आणि त्यांत डावीकडून 8, 18, 15, 8, 5, 4, 2 मुलं बसतात. नीट चढणारी आणि हळूहळू उतरणारी टेकडी. कुणालाही वाटेल, वर्ग जरा कच्चा आहे, बाकी काही विशेष नाही.

रुंदी 5 करू, आणि खांब गोल आकड्यावर यावेत म्हणून Underflow bin मध्ये 20 लिहू. म्हणजे 20 किंवा त्याहून कमी गुणांची सगळी मुलं पहिल्या खांबात, आणि पुढे पाच-पाचचे खांब. त्या पहिल्या खांबात 2 मुलं येतात आणि त्यापुढच्या चार खांबांत 5, 7, 10, 10. पुन्हा तीच शांत चढण. पाच-पाच गुणांचे खांब पाडले, आता काही लपलं नसेल, असं इथे कुणालाही वाटतं.

पण खांबाखालची पाटी नीट वाचा. तिथे (30, 35] असं लिहिलेलं असतं. गोल कंस म्हणजे तो आकडा आत नाही, चौकोनी कंस म्हणजे आहे. म्हणजे या खांबात 31 ते 35. काठावर पास झालेला 35 वाला मुलगा 31 वाल्या नापास मुलाच्या शेजारी जाऊन बसला. एक्सेल खांबाची वरची कड आत धरतं, आणि आपल्याला शाळेत शिकवलेली पद्धत बरोबर उलटी आहे: 30-35 या वर्गात 35 धरायचा नाही, तो पुढच्या वर्गात जातो. गल्लत होते ती नेमकी इथे.

यावरचा उपाय दहावीच्या गणितातच आहे. 30-34, 35-39 असे वर्ग असले की आयतालेख काढण्याआधी ते सलग करून घेतात: 29.5-34.5, 34.5-39.5. एकूण गुण पूर्णांकात असल्यामुळे 34.5 गुण कुणालाच मिळत नाहीत. कडेवर कुणी उभंच नसेल तर कड कुठल्या बाजूची हा प्रश्नच उरत नाही. एक्सेलमध्येही तेच करायचं. Underflow bin मध्ये 20 ऐवजी 19.5 लिहायचं, Bin width 5 तसाच ठेवायचा.

आता पहिल्या खांबात तीच 2 मुलं राहतात, पण पुढचे चार खांब होतात 4, 7, 3, 14.

मुलं तीच, गुण तेच, रुंदीही तीच. कड अर्ध्या गुणानं सरकली आणि 30 ते 34 मध्ये खड्डा पडला, त्याला लागून 35 ते 39 चा उंच सुळका उभा राहिला. खात्री करायची तर कुठल्याही रिकाम्या घरात मोजून पाहता येतं:

```
=COUNTIFS(B2:B61,">=35",B2:B61,"<=39")
```

उत्तर 14 यायला हवं.

आणखी खोलात जायचं तर रुंदी 1 करायची, आणि कड अर्थातच अर्ध्यावरच ठेवायची. इथे जरा जपून. 16 ते 82 म्हणजे 67 वेगवेगळे गुण शक्य आहेत आणि मुलं 60, तेव्हा चित्रभर फटी दिसणारच. 32, 33, 34 ला एकही मूल नाही, एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. तशा फटी साठ-सत्तरच्या घरातही आहेत. पण 35 वर एकट्यावर 8 मुलं आणि 36, 37 वर दोन-दोन, हे मात्र नजरेतून सुटत नाही. 40 वरही 4 आहेत, पण तो गोल आकडा आहे आणि 4 म्हणजे 8 नव्हे. म्हणून साठ मुलांच्या वर्गाला मी पाचाची रुंदी मुख्य मानतो आणि एकाची फक्त संशयाची जागा तपासण्यापुरती वापरतो. साडेतीन, अडीच असली रुंदी पूर्णांकी गुणांना कधीच देऊ नये. अडीचच्या खांबात आळीपाळीनं दोन आणि तीन गुण बसतात, आणि चित्रात एक खांब उंच, एक ठेंगणा असे खोटेच दात उमटतात.

सुळका दिसला, त्याचं कारण मात्र चित्र सांगत नाही. पेपर तपासताना 33 आले की शिक्षक एखादं उदाहरण पुन्हा पाहतात आणि पायरीचा एखादा गुण देतात. कुठे नियमानुसार वाढीव गुण दिलेले असतात. पोलंडमध्ये शालान्त परीक्षेच्या पोलिश भाषेच्या गुणांचे आलेख असेच गाजले होते: पास होण्याची मर्यादा 30 टक्के, तिच्या जरा खाली खळगा आणि मर्यादेवर सुळका. तपासणाऱ्या माणसाचा हात तिथे दिसतो, पण तो हात दयेचा, नियमाचा की घाईचा, हे उत्तरपत्रिका उघडल्याशिवाय कळत नाही.

हा योगायोग तर नाही ना, हे पाहायला दुसरी तुकडी किंवा दुसरा विषय घ्यावा आणि 19.5 व 5 हेच आकडे ठेवून आलेख काढावा. सुळका पुन्हा 35 ला लागूनच आला आणि 45 किंवा 55 पाशी आला नाही, तर योगायोगाची शक्यता फार कमी उरते. तुलना करताना उभा अक्षही दोन्हीकडे सारखाच ठेवावा, नाहीतर एक्सेल प्रत्येक चित्राची उंची आपल्या मनानं ताणतं आणि 6 चा खांब 14 च्या खांबाएवढा दिसतो.

शाळेला याचा उपयोग सरळ आहे. निकालाच्या तक्त्यात दोन रकाने ठेवायचे, एक उत्तरपत्रिकेवरच्या मूळ गुणांचा आणि दुसरा वाढीव धरून. दोन्हींचे आलेख त्याच कडांवर काढले की 35 वरच्या आठांपैकी मूळचे किती आणि खालून वर आणलेले किती ते वेगळं होतं. जादा तासाच्या यादीत आज सोळा नावं आहेत. वर आणलेले पाच निघाले, तर ती एकवीस व्हायला हवीत, कारण बोर्डाचा पेपर आपल्या शाळेत तपासला जाणार नाही.