दुचाकीवरची पहाट: चामड्याचं जाकीट की लोकरीचा कोट?

पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेला भल्या पहाटे साताऱ्याहून दुचाकीवर निघालेला माणूस डोळ्यांसमोर आणा. कोरेगाव मागे पडलं, वर्धनगडचा घाट आला. हवा 10 अंश आणि गाडीचा वेग ताशी 60 किलोमीटर धरला, तर वाऱ्यामुळे जाणवणाऱ्या थंडीच्या सूत्राप्रमाणे त्याच्या उघड्या चेहऱ्याला ती 5 अंशांसारखी बोचते. चेहऱ्याला रुमाल गुंडाळता येतो. छातीवर काय घालायचं, हा खरा प्रश्न.

ऊब कापडाची नसते, कापडात अडकून पडलेल्या हवेची असते. लोकरीचा तंतू मुळातच कुरळा असल्यामुळे त्यात असंख्य बारीक पोकळ्या राहतात, आणि त्यातली हवा जागची हलत नाही तोवर अंगाची उष्णता सहजी बाहेर पडत नाही. चामड्याचं उलट आहे. ते दाट असल्यामुळे उष्णता लोकरीपेक्षा कितीतरी सहज जाऊ देतं, पण वाऱ्याला जवळजवळ आरपार जाऊ देत नाही.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. 30 च्या वेगाला जो असतो, त्याच्या चौपट 60 ला. एसटी स्टँडवर उभं राहताना उबदार वाटणारा कोट गाडीवर थंड पडतो तो यामुळेच, कारण वारा विणीतून शिरतो आणि अडकलेली हवा हुसकून लावतो. दुकानात याची परीक्षा सोपी आहे. अस्तर नसलेली कोटाची कड तोंडाला घट्ट लावून जोरात फुंका आणि मागे तळहात धरा. फुंकर स्पष्ट लागली, तर तो कोट चालणाऱ्या माणसाचा आहे, गाडीवाल्याचा नव्हे. माण-खटावकडच्या घोंगडीच्या सुताला चिंचोक्याची खळ देतात आणि वीणही घट्ट असते, त्यामुळे ती वारा बऱ्यापैकी अडवते. अर्थात घोंगडी पांघरून क्लच दाबता येत नाही.

म्हणून गाडीवर बाहेर चामडं आणि आत पातळ लोकरीचा स्वेटर, ही जोडी. नुसतं चामडं टी-शर्टवर घातलं तर वारा लागत नाही, पण जाकीटच गार पडतं आणि तो गारवा अंगाला भिडतो.

अस्तर पाहताना जाकीट उलटं करा. जाळीचं अस्तर उन्हाळ्यासाठी असतं. हिवाळ्याला मध्ये पातळ भरण घालून चौकटीत शिवलेलं हवं. निव्वळ गुळगुळीत पॉलिएस्टर कोरड्या हवेत स्वेटरवर घासून चटचट ठिणग्या देतं. व्हिस्कोसचं अस्तर थोडा ओलावा धरून ठेवतं, त्यामुळे हा त्रास कमी. चेनच्या मागे चामड्याची उभी पट्टी आहे ना, हेही बघा. ती नसेल तर चेनच्या दातांमधून थंडीची एक सरळ रेघ छातीवर उमटते.

मापाची गल्लत सर्वांत जास्त होते. स्वेटर घालूनच छाती मोजा. ती 100 सेंटिमीटर आली, तर चेन लावून सपाट पसरलेलं जाकीट एका बगलेपासून दुसऱ्या बगलेपर्यंत 54 भरावं, म्हणजे घेर 108. यापेक्षा घट्ट घेतलं तर स्वेटर दबतो आणि त्यातली हवा निघून जाते. फार ढगळ घेतलं तर कमरेतून वारा शिरून जाकीट फुगतं. मग दुकानातच खुर्चीवर बसून हँडल धरल्यासारखे हात पुढे करा. बाही मनगटाच्या वर सरकली किंवा पाठ उघडी पडली, तर ते माप परत ठेवा. आरशासमोर सरळ उभं राहून हे कधीच कळत नाही. गाडी नसलेल्याने मात्र लोकरीचा कोटच घ्यावा. स्वेटरवर 10 ते 12 सेंटिमीटर मोकळीक ठेवून, कॉलर वर करून गळ्यापर्यंत बटण लागेल असा.

कोटाचा शत्रू कसर. तिच्या अळ्या लोकर खातात आणि घामाचे, तेलकट डाग पडलेली जागा आधी धरतात. म्हणून हंगाम संपला की कोट ड्रायक्लीन करून मगच ठेवायचा, आणि त्याआधी उन्हात टाकून शिवणी व कॉलरखालची बाजू ब्रशने झाडायची. नुसत्या डांबर गोळीवर विसंबू नका. मळका कोट तिने वाचेलच असं नाही.

चामड्याचं दुखणं दोन ऋतूंत दोन तऱ्हेचं. हिवाळ्याच्या कोरड्या वाऱ्याने कोपराच्या घडीत बारीक रेषा दिसू लागल्या की समजावं, आतलं तेल कमी झालंय. तिथे चामड्याचं कंडिशनर अगदी पातळ हाताने चोळा, पण आधी आतल्या कडेला लावून रंग बदलतो का ते पाहा. खोबरेल तेलाने चामडं काळवंडतं आणि चिकट होऊन धूळ धरतं. भिजलेलं जाकीट चुलीजवळ किंवा हिटरपुढे वाळवलं तर ते आक्रसून कडक होतं, आणि ते पुन्हा मऊ होत नाही. सावलीत रुंद हँगरवरच वाळवा. साताऱ्याच्या पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलं, तर पिशवी उघडताना पांढरी बुरशी दिसणारच. सुती कापडात गुंडाळा, आणि पंधरा दिवसांनी एकदा पंख्याखाली टांगा.